भाजलेल्या कॉफीच्या बिया घरी कशा ठेवायच्या: कोल्हापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी राजारामपुरीत घरीच लहान ड्रमवर कॉफी भाजते आणि पाव-पाव किलोच्या पाकिटांत देते. हिरव्या बिया चिकमंगळूर आणि कुर्गकडच्या असतात. पाकीट नेलेल्या माणसाचा आठ-दहा दिवसांनी जो फोन येतो, तो बहुतेक वेळा ठेवण्याबद्दलचा असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत असे फोन दुप्पट होतात. तेच प्रश्न आणि त्यांची मी देते ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

भाजल्यापासून चव किती दिवस टिकते?

बंद पाकिटात, सावलीत ठेवलेल्या अख्ख्या बियांची चव साधारण महिनाभर चांगली राहते. त्यातही भाजल्यानंतरचा चौथा दिवस ते तिसरा आठवडा हा सगळ्यात गोड काळ. दीड-दोन महिन्यांनी कॉफी पिता येते, पण ती नुसती कडू आणि सपाट लागते. फळासारखा आंबूसपणा, कोकोचा किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, ज्यासाठी आपण चांगल्या बिया घेतो, ते सगळं तोवर गेलेलं असतं.

हा हिशोब न उघडलेल्या पाकिटाचा. एकदा उघडलं की मी दोन ते तीन आठवडे धरते, आणि आपल्याकडच्या भर पावसात दहा ते बारा दिवस. म्हणून माझा पहिला प्रश्न उलटा असतो: तुमच्या घरी दिवसाला किती कॉफी लागते? एका मगाला 15 ग्रॅम धरले आणि घरात रोज दोन मग होत असतील, तर पाव किलोला आठ दिवस पुरतात. त्या घराने किलोचं पाकीट नेऊन एकाच डब्यात ओतलं, तर डबा कितीही चांगला असला तरी शेवटचा पाव किलो शिळाच प्यावा लागेल.

मग भाजल्या-भाजल्या लगेच प्यायची का? ताजी ती ताजी!

हा प्रश्न कोल्हापुरात येणारच. गंगावेशीत म्हशीखाली धरलेला पेला तिथेच तोंडाला लावणारी आपण माणसं. पण कॉफीचं दुधासारखं नाही. भाजताना बीच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बीच्या बारीक पोकळ्यांत अडकून बसतो. भाजल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त जोराने आणि मग कित्येक दिवस थोडा-थोडा. त्याच दिवशी कॉफी केलीत तर हा वायू पाण्याला बीच्या पुडीत नीट शिरूच देत नाही. वरती फेस भरपूर येतो, खालचं पाणी मात्र पातळ आणि थोडं तिखट-आंबट उतरतं.

फिल्टरसाठी किंवा फ्रेंच प्रेससाठी चार-पाच दिवस थांबा. घरी एस्प्रेसो मशिन असेल तर आठ-दहा दिवस. गडद भाजलेल्या बिया आतून जास्त पोकळ असल्यामुळे वायू लवकर सोडतात, त्यांना दोन-तीन दिवस पुरे होतात.

पाकिटावर ते बारीक छिद्र कशाला?

तो एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह आहे. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. तो नसता तर पाकीट फुगून शिवणीवर उसवलं असतं. छिद्राला नाक लावून पाकीट दाबायची सवय मात्र सोडा. जो वास तुम्हाला तेव्हा येतो तो कपातून वजा होतो.

चव जाते म्हणजे नक्की होतं काय?

दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पहिली, वास उडतो. कॉफीचा वास म्हणजे शेकडो हलकी द्रव्यं, आणि त्यातली सगळ्यात सुंदर असतात तीच सगळ्यात आधी हवेत निघून जातात. दुसरी, उरलेल्या द्रव्यांना आणि बीच्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागतो. आधी वास मंदावतो, मग जुन्या पुठ्ठ्यासारखा होतो, आणि शेवटी तेल खवट होतं. दिवाळीनंतर विसरलेल्या करंजीचं सारण ज्यांनी चाखलंय त्यांना हा खवटपणा लगेच कळेल.

ही सगळी क्रिया तीन गोष्टींनी पळायला लागते: उष्णता, ओल आणि उजेड. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात, जिथे दुपारी पारा 37-38 ला टेकतो, तिथे ठेवलेला डबा आणि आतल्या खोलीत 27-28 अंशांत ठेवलेला डबा यांत आठवड्याचा फरक पडतो. तोच किलो, तेच पाकीट.

पावसाळ्यात वेगळं काय करायचं?

याचं उत्तर मी एका घराच्या उदाहरणानेच देते, कारण त्या घरानेच मला हे नीट शिकवलं.

रंकाळ्याजवळ राहणारं जोडपं, दोघंच. रोज सकाळी दोन मग, म्हणजे दिवसाला 30 ग्रॅम. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी एक किलो नेला, कारण महिनाभर पुन्हा यायला नको. घरी पाच लिटरचा स्टीलचा डबा होता, दिवाळीत चिवडा भरायचा. तो घासून-पुसून त्यात किलोभर बिया ओतल्या. बाराव्या दिवशी काकूंचा फोन: "अगं, पहिल्या आठवड्यात काय वास यायचा, आता काहीच नाही. आणि ग्राइंडर पण अडखळतोय."

मी गेले, डबा उघडला. वास होता, पण दुरून आल्यासारखा. एक बी दाताखाली धरली. ताजी बी कट्कन तुटते आणि तिचे बारीक तुकडे जिभेवर पसरतात. ही तशी तुटली नाही, आधी किंचित दबली आणि मग फुटली. सादळलेला पापड जसा मोडण्याआधी वाकतो, अगदी तसंच. ग्राइंडर अडखळत होता तो याच कारणाने. भाजलेल्या बीत ओल दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ती काचेसारखी फुटते. जुलैत इथल्या हवेत इतकं बाष्प असतं की उघडी राहिलेली बी ते स्पंजासारखं ओढून घेते, चिवट होते आणि ग्राइंडरच्या पात्यांत फुटण्याऐवजी चेचली जाते. पूड एकसारखी पडत नाही, गठ्ठे होतात, फिल्टरमधून पाणी उतरायला वेळ लागतो आणि कॉफी कडवट होते.

आता त्या डब्याचा हिशोब बघा. बाराव्या दिवशी 360 ग्रॅम संपले होते, 640 उरले होते. तेवढ्या बियांना पावणेदोन-दोन लिटर जागा लागते. पाच लिटरच्या डब्यात उरलेली तीन लिटर नुसती हवा होती, तिचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, आणि वर पावसाळ्याचं बाष्प. रोज सकाळी झाकण काढलं की ती हवा बदलायची. जितक्या बिया कमी होत गेल्या तितकी हवा वाढत गेली. डब्याचं झाकण किती घट्ट बसतं याने फार फरक पडत नव्हता, कारण नासधूस आत बंद झालेल्या हवेने चालवली होती.

पुढचा किलो त्यांना मी वेगळ्या पद्धतीने भरून दिला. चार पाव-पाव किलो. पहिला पाव किलो पाऊण लिटरच्या डब्यात, जो त्याने जवळजवळ काठोकाठ भरतो. तो रोजच्या वापराचा. दुसरा त्याच्याच व्हॉल्व्हच्या पाकिटात, न उघडता, आतल्या खोलीच्या कपाटात. तिसरा आणि चौथा फ्रीजरमध्ये, ज्याची पद्धत पुढे दिली आहे. वापराचा डबा अर्धा झाला की बिया त्याहून लहान डब्यात काढायच्या, एवढं एकच जास्तीचं काम. तेहतिसाव्या दिवशी काकूंनी शेवटच्या पाव किलोतली कॉफी मला पाजली. पहिल्या आठवड्याइतकी भरभरून नव्हती, पण कोको आणि संत्र्याच्या सालीचा वास स्पष्ट होता. बी कट्कन तुटली.

खात्री करायची असेल तर सोनाराकडे असतो तसा बारीक वजनकाटा घ्या, 20 ग्रॅम बिया मोजून वाटीत रात्रभर उघड्या ठेवा आणि भर पावसात सकाळी पुन्हा मोजा. वजन वाढलेलं दिसेल. ते वाढलेलं वजन पाणी आहे.

घरातला नेहमीचा स्टीलचा डबा चालेल का?

स्टील उत्तम. उजेड आत जात नाही, वास धरत नाही, घासायला सोपं. अडचण झाकणाची असते. आपले नेहमीचे दाबून बसवायचे डबे घट्ट वाटतात, पण बहुतेक हवाबंद नसतात. झाकणाला रबरी किंवा सिलिकॉनची कडी आणि ती दाबून धरणारी खिटी किंवा आटे हवेत.

डबा तपासायची माझी पद्धत चुरमुऱ्यांची आहे. कढईत मूठभर चुरमुरे कोरडेच, कुरकुरीत होईपर्यंत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, डब्यात भरून झाकण लावा आणि पावसाळ्यात तीन दिवस हात लावू नका. चौथ्या दिवशी कुरकुरीत निघाले तर डबा कॉफीच्या लायकीचा. सादळले तर त्यात डाळ भरा. भडंग मात्र वापरू नका. त्याच्या लसणाचा वास डब्याच्या रबराला जो धरेल तो पुढचे दोन महिने कॉफीत येईल.

काचेची बरणी छान दिसते. ती ठेवली तर?

घट्ट झाकणाची असेल आणि कपाटात बंद राहणार असेल तर चालते. ओट्यावर खिडकीसमोर ठेवणार असाल तर नको. उजेडाने तेल लवकर खवट होतं, आणि थेट ऊन पडलं तर बरणी आतून तापते ते वेगळंच. एका घरात मी पूर्वेच्या खिडकीत ठेवलेली बरणी पाहिली: काचेच्या बाजूच्या बियांना तेलाचा तवंग आला होता, मधल्या कोरड्या होत्या. एकाच बरणीत दोन वयाच्या बिया. काचच वापरायची असेल तर बरणीला जाड कापडाची पिशवी शिवा.

ओल धरू नये म्हणून डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकू का? चटणीत हिंगाचा खडा टाकतो तसं काही?

दोन्ही नको, आणि कारण नीट समजून घ्या, कारण हा सल्ला फार प्रेमाने दिला जातो.

मिठात तांदूळ टाकतात कारण तांदूळ मिठाच्या पृष्ठभागावरची ओल ओढून घेतो. पण साध्या तांदळात स्वतःचीच ओल बारा-तेरा टक्के असते. भाजलेल्या कॉफीत दोन-तीन. बंद डब्यात दोघं एकत्र ठेवले की ओल जास्तीकडून कमीकडे जाते, म्हणजे तांदळाकडून कॉफीकडे. तुम्ही ओल काढायला जाल आणि ओल घालून बसाल.

हिंगाचं तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात आपण वर्षाची कांदा-लसूण चटणी करतो, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरतो, वर हिंगाचे खडे ठेवतो, आणि ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकते. ती टिकते कारण तिच्यात तेल, मीठ आणि मसाल्यांचा असा जोर आहे की वर्षाने थोडी उतरली तरी रश्श्यात कळत नाही. कॉफीच्या बीत तसं राखणारं काही नाही आणि तिची चव नाजूक आहे. वर्षाचा साठा करण्याची आपली सवय कॉफीला लावायची नाही. डब्यात बियांशिवाय काहीही टाकू नका.

डबा ठेवायचा कुठे?

गॅसच्या वरच्या फळीवर नाही, फ्रिजच्या डोक्यावर नाही, माळ्यावर नाही. फ्रिजचा वरचा भाग नेहमी कोमट असतो हे हात लावून बघितल्याशिवाय पटत नाही, बघाच. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरात आतली खोली सगळ्यात चांगली, तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो. फ्लॅटमध्ये उत्तरेकडच्या भिंतीचं खालचं कपाट.

आणि मसाल्यांपासून लांब. कॉफीची बी वास सोडते तसाच वास ओढूनही घेते. चटणीच्या बरणीशेजारी महिनाभर राहिलेल्या अर्धवट बंद पाकिटातली कॉफी मी प्यायले आहे. पहिल्या घोटाला कॉफी, गिळल्यावर लसूण. देवघराच्या कपाटातही ठेवू नका. उदबत्ती आणि कापराचा वास लसणापेक्षा चिवट निघतो.

फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त टिकेल ना?

नाही. फ्रिज, म्हणजे खालचा कप्पा, ही कॉफीची सगळ्यात वाईट जागा आहे. तिथे कालचा तांबडा रस्सा असतो, चिरलेला कांदा असतो, मासे असतात. त्याहून मोठं कारण पाणी. पावसाळ्यात फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो तो तुम्ही रोज बघता. गार डबा रोज बाहेर काढून उघडलात की तोच घाम प्रत्येक बीवर बसतो. परत झाकण लावून आत ठेवलं की ते पाणी आतच राहतं. असे पंधरा दिवस गेले की बिया सादळलेल्या आणि कालवणाच्या वासाच्या.

मग फ्रीजर कसा चालतो? तोही गारच की.

फ्रीजर चालतो तो एकाच अटीवर: आत गेलेलं पाकीट एकदाच बाहेर यायचं आणि परत आत जायचं नाही. तिथल्या थंडीत वास उडणं आणि तेल खवट होणं दोन्ही फार मंदावतं, त्यामुळे नीट बंद केलेल्या बिया दोन-तीन महिने चांगल्या राहतात. पद्धत अशी.

बिया भाजल्यापासून पाच-सात दिवस झाले की भरा, तोवर वायूचा पहिला जोर ओसरलेला असतो. आठवड्याला लागतील तेवढ्याच बियांचं एक पाकीट करा. आतली हवा हाताने दाबून जितकी काढता येईल तितकी काढा. घरी व्हॅक्यूमचं मशिन असेल तर उत्तमच. व्हॉल्व्हचं पाकीट असेल तर छिद्रावर चिकटपट्टी लावा आणि ते पाकीट दुसऱ्या जाड झिपच्या पिशवीत घाला. भाजल्याची आणि भरल्याची तारीख लिहा. फ्रीजरच्या दारात नको, आतल्या बाजूला ठेवा. वीज जाते-येते तेव्हा दाराकडचं आधी वितळतं.

बाहेर काढताना घाई करू नका, सगळी माती तिथेच होते. रात्री झोपताना पाकीट बाहेर काढून ओट्यावर ठेवा आणि सकाळी उघडा. रात्रभरात बाहेरून पाकिटाला पाणी सुटेल ते पुसा. आतल्या बिया खोलीइतक्या कोमट झाल्या की मगच चिकटपट्टी सोडा आणि वापराच्या डब्यात भरा. गार असताना उघडलंत तर बाहेरचा घाम आत बसेल.

एक सूट आहे. ज्यांना एकेका कपाचं वजन करून छोट्या पुड्या बांधायचा कंटाळा नाही, त्यांनी 15-15 ग्रॅमच्या पुड्या गोठवाव्यात आणि फ्रीजरमधून काढून लगेच ग्राइंडरमध्ये टाकाव्यात. बीला घाम फुटायच्या आत ती दळलेली असते. गोठलेली बी छान एकसारखी फुटतेही.

मी दुकानातून दळूनच आणते. पूड किती दिवस टिकते?

दळल्यावर सगळा हिशोब दिवसांवरून मिनिटांवर येतो. अख्ख्या बीला एकच बाहेरची बाजू असते, पूड म्हणजे तिचे शेकडो तुकडे, प्रत्येकाला चारही बाजूंनी हवा. अडकलेल्या वायूचा मोठा भाग दळतानाच निघून जातो आणि सोबत वासही नेतो. दळल्यावर घरभर जो दरवळ सुटतो तो हाच. पंधरा-वीस मिनिटांत फरक जाणवायला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूड ठीक असते, आठवड्यानंतर ती फक्त कडू आणि काळी.

घरी ग्राइंडर नसेल तर डोळ्यांदेखत दळून देणाऱ्या दुकानातून शंभर-शंभर ग्रॅम आणा आणि लहान डब्यात काठोकाठ भरा. हाताने फिरवायचा साधा ग्राइंडर घेतलात तर मात्र या पानावरच्या बाकी सगळ्या उपायांपेक्षा मोठा फरक पडेल, हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

चिकोरी मिसळलेल्या पुडीची गोष्ट थोडी वेगळी. चिकोरी ओल फार पटकन ओढते, पावसात उघडी राहिली तर तिचा गूळ होतो. चमचा पूर्ण कोरडा हवा. वाफाळत्या फिल्टरवर डबा धरून पूड ओतायची सवय असेल तर ती आजच मोडा, कारण वाफ सरळ डब्यात जाते.

बिया शिळ्या झाल्या हे घरी कसं ओळखायचं?

नाक, दात आणि गरम पाणी.

नाकाने डब्यातल्या बिया हुंगू नका, डबा उघडल्यावर पहिला झोत नेहमी छान येतो. चार बिया दळा किंवा खलात कुटा आणि मग हुंगा. ताज्यात गोडसर, भाजलेला, काहीतरी फळासारखा वास येतो. शिळ्यात पुठ्ठा किंवा राख. खवट झालेल्यात जुन्या तेलाचा डबा.

दाताचं वर सांगितलं. दबली तर सादळली.

गरम पाण्याची परीक्षा अशी: 15 ग्रॅम पूड फिल्टरमध्ये घ्या, त्यावर 30-40 ग्रॅम उकळून अर्धा मिनिट थांबलेलं पाणी ओता आणि बघत राहा. आठ-दहा दिवसांच्या बियांची पूड फुगून घुमटासारखी वर येते, बुडबुडे फुटतात, अर्ध्या मिनिटाने बसते. महिन्याभराची जेमतेम हलते. दोन महिन्यांची पाणी पिऊन तशीच पडून राहते, ओल्या मातीसारखी. एवढं लक्षात असू द्या की हा फुगवटा वायूचा असतो, चवीचा नव्हे. हलक्या भाजणीच्या बिया चांगल्या असूनही कमी फुगतात, म्हणून एकट्या फुगवट्यावर निकाल देऊ नका. नाक आणि पाणी दोन्ही नाही म्हणाले तर मग शंका नको.

बियांवर तेल सुटलंय. खराब झाल्या का?

गडद भाजलेल्या असतील तर नाही. त्यांना भाजल्यावर दोन-चार दिवसांतच चकाकी येते, कारण जास्त भाजल्याने बीच्या भिंती फुटतात आणि तेल बाहेर येतं. फक्त ते तेल आता उघड्यावर आहे, म्हणून अशा बिया इतरांपेक्षा लवकर, दोन आठवड्यांतच संपवा. मध्यम भाजलेल्या बिया घेताना कोरड्या होत्या आणि आता चमकायला लागल्या, तर डबा कुठेतरी तापतोय किंवा बरेच दिवस झालेत.

जुन्या बिया थोड्या उरल्यात, त्यावरच नवीन ओतू का?

नको. डब्याच्या तळाला आणि कडेला जुन्या तेलाचा पातळ थर असतो, तो खवट झालेला असतो आणि त्याचा वास नव्या बियांना लागतो. जुन्या काढून घ्या, डबा गरम पाणी आणि थोड्या साबणाने घासा, झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवा. मग पूर्ण वाळवा. पावसात डबा पुसून लगेच भरू नका, पंख्याखाली उघडा रात्रभर ठेवा. कडीला धुऊनही वास येत असेल तर कडी बदला, डबा नको.

पाकिटावर भाजल्याची तारीख नाही, नुसतं पॅकिंगची आहे. काय समजायचं?

पॅकिंगची तारीख म्हणजे भाजल्याची तारीख असेलच असं नाही. 'अमुक महिन्यांपर्यंत वापरा' हे लिहिलेलं असतं ते कॉफी खाण्यायोग्य राहण्याबद्दल, चवीबद्दल नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा, कधी भाजली? उत्तर नसेल तर पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका आणि घरी आल्यावर गरम पाण्याची परीक्षा करा.

शिळ्या झालेल्या बिया टाकून द्यायच्या का?

बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके किंवा कुबट वास असेल तर लगेच टाका, भाजून-बिजून वाचवायला जाऊ नका. नुसत्या शिळ्या असतील तर त्याने अपाय होत नाही. जाडसर दळून थंड पाण्यात रात्रभर भिजवा, शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी, सकाळी गाळून दूध-साखर घालून प्या. थंड पाण्यात कडूपणा कमी उतरतो. खवट झालेल्या मात्र तशाही पिववत नाहीत. त्या वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बी वास ओढून घेते ना, तिथे कालच्या रश्श्याचा ओढेल.